दाण्यावरून घराणं

१८४५ साली, काही आठवड्यांच्या अंतरानं, एडिनबरो आणि बर्लिन इथून दोन शवविच्छेदनांचे अहवाल छापून आले. दोन्ही रुग्णांची प्लीहा प्रचंड वाढलेली होती आणि दोघांचंही रक्त विचित्र फिकट, पुवासारखं दिसत होतं. एडिनबरोच्या जॉन ह्यूज बेनेट यांनी जे दिसलं त्यालाच प्रमाण मानलं आणि रक्तात पू झाला आहे असं लिहिलं. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातला रुडॉल्फ फिर्खो तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. त्याला शरीरात पू तयार होण्यासारखी जखम कुठंच सापडली नाही. म्हणून त्यानं पुवाचं नावच घेतलं नाही. तांबड्या आणि पांढऱ्या पेशींचं नेहमीचं प्रमाण इथं उलटं झालं आहे, एवढंच त्यानं नोंदवलं आणि लेखाला ‘पांढरं रक्त’ असा साधा मथळा दिला. दोन वर्षांनी त्यानंच या आजाराला ल्युकेमिया म्हटलं.

फिर्खोची सावधगिरी थोर होती, पण त्याच्या हातातलं साधन तोकडं होतं. न रंगवलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी धुरकट, पारदर्शक गोळ्यांसारख्या दिसतात. त्यातली कोणती कुठून आली, कोणती पोरवयाची आणि कोणती पिकलेली, हे ठरवायला डोळ्याला काही आधारच नव्हता. त्यामुळे पुढची तीस-चाळीस वर्षं ल्युकेमियाचे प्रकार रुग्णाच्या शरीरावरून पाडले जात: प्लीहा मोठी असेल तर एक, लसिकाग्रंथी सुजल्या असतील तर दुसरा. ‘ॲक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ हा भेदही दिनदर्शिकेवरून होई. विल्हेल्म एब्श्टाइन यांनी १८८९ मध्ये ॲक्यूट ल्युकेमियाचा वेगळा गट मांडला, तो मुख्यतः रुग्ण किती आठवड्यांत दगावला यावरून. आज पॅथॉलॉजीच्या प्रश्नपत्रिकेत रुग्ण किती जगला हे कुणी विचारत नाही. तिथं पेशीचं वर्णन असतं आणि त्यावरून ॲक्यूट की क्रॉनिक, मायलॉइड की लिम्फॉइड हे सांगायचं असतं. काळावरून पेशीकडे आलेला हा रस्ता रंगाच्या कारखान्यांतून गेला.

जर्मनीत तेव्हा डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचा उद्योग फोफावला होता. कापड रंगवण्याच्या या रंगांनी पाऊल एर्लिख नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला झपाटलं. १८७७ पासून त्यानं ते शरीराच्या पेशींवर वापरून पाहिले. रक्ताचा पातळ थर काचेवर ओढायचा, तो वाळवायचा, तांब्याच्या तापवलेल्या पट्टीवर ठेवून पक्का करायचा आणि मग रंगात बुडवायचा, ही त्याची रीत. रंगांचे आम्लधर्मी आणि अल्कधर्मी असे गट त्यानं पाडले. एकच रंग सगळीकडे सारखा चढत नाही, पेशीतला कोणता भाग कोणता रंग उचलतो हे त्या भागाच्या रासायनिक स्वभावावर ठरतं, हे त्याला उमगलं. इओसिन उचलणारे जाड, नारिंगी दाणे असलेली पेशी म्हणजे इओसिनोफिल. निळे-जांभळे दाणे ज्यात ठासून भरलेत ती बेसोफिल. बारीक, मधल्या छटेचे दाणे असलेली न्यूट्रोफिल. आणि जिच्यात दाणे दिसतच नाहीत ती लिम्फोसाइट.

यातून एर्लिखनं एक ठाम निष्कर्ष काढला. दाणेदार पेशी अस्थिमज्जेतल्या, बिनदाण्याच्या पेशी लसिकाग्रंथींतल्या. रक्तात दाणेदार पेशींचा पूर आला तर आजार मज्जेचा, बिनदाण्याच्या पेशींचा आला तर लसिकाग्रंथींचा. क्रॉनिक ल्युकेमियात ही वाटणी झकास लागू पडली, कारण तिथं पेशी वाढलेल्या असल्या तरी बऱ्याच पिकलेल्या असतात आणि आपले दाणे अंगावर बाळगून असतात.

ॲक्यूट ल्युकेमियात मात्र ती कोलमडली. तिथं रक्तात मोठ्या, गोल, विरळ रंगद्रव्याच्या केंद्रकाच्या पेशी असत आणि त्यांच्यात दाणा नसे. एर्लिखच्या नियमानं त्या सगळ्या ‘मोठ्या लिम्फोसाइट’ ठरल्या. १९०० साली स्वित्झर्लंडमधल्या ओटो नेगेली यांनी आक्षेप घेतला. मज्जेतल्या दाणेदार पेशीलाही बालपण असतं आणि त्या वयात तिच्यात दाणे उमटलेले नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या बालपेशीला त्यांनी मायलोब्लास्ट म्हटलं. हे बरोबर असेल तर दाणा नसण्याचे अर्थ दोन होतात: पेशी लिम्फॉइड घराण्यातली असेल, किंवा मायलॉइड घराण्यातली पण कोवळी असेल. प्रश्नपत्रिकेतला सगळ्यात अवघड पेच जन्माला आला तो इथं, आणि पुढचं शतक तो सोडवण्यातच गेलं.

सहा वर्षांनी अमेरिकेत त्या पेचाचं एक उत्तर एकाच्या डोळ्यांसमोर आलं आणि ओळख न पटता निघून गेलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जॉन ऑवर यांना ॲक्यूट ल्युकेमियाच्या एका रुग्णाच्या पेशींत लालसर, सुईसारख्या बारीक कांड्या दिसल्या. १९०६ मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी त्या पेशींना मोठ्या लिम्फोसाइट म्हटलं होतं. आज त्याच कांड्यांना ‘ऑवर रॉड’ म्हणतात, आणि ब्लास्टमध्ये अशी एक कांडी जरी दिसली तरी पेशी लिम्फॉइड नाही हे ठरतं. कांडी म्हणजे मायलॉइड पेशीतले पहिल्या पिढीचे दाणे एकमेकांत मिसळून झालेला लांबट स्फटिक. एर्लिखचा हरवलेला दाणा ऑवर यांच्या काचपट्टीवर वेगळ्या रूपात हजर होता. ऑवर यांचं निरीक्षण निर्दोष होतं. चूक होती ती त्या काळच्या वर्गवारीत, आणि तिनंच पेशीला आधी नाव देऊन टाकलं होतं.

या सगळ्या बारकाव्यांना वाचा फोडली ती रोमानोव्स्की रंगानं. मेथिलीन ब्लू जुनं झालं, त्याचं ऑक्सिडीकरण झालं आणि ते इओसिनबरोबर मिसळलं की दोन्हींत नसलेली एक जांभळी छटा उमटते, हे १८९१ च्या आसपास लक्षात आलं. त्याच्या अनेक पाककृती निघाल्या. भारतीय प्रयोगशाळांत रुळली ती विल्यम लीशमन यांची, १९०१ मधली. हेच लीशमन हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर होते आणि काळ्या आजाराच्या परजीवीशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विद्यार्थी आजही पहिली काचपट्टी बहुधा याच रंगानं रंगवतो. वाळलेल्या स्मिअरवर लीशमनचा रंग ओतायचा आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. रंगातलं मेथिल अल्कोहोल तेवढ्यात पेशी काचेला पक्क्या चिकटवतं. मग रंगाच्या दुप्पट बफर पाणी घालायचं आणि सात ते दहा मिनिटांनी धुवायचं. पाण्याचा सामू ६.८ च्या आसपास हवा. तो वर गेला तर सगळी पट्टी निळसर होते, तांबड्या पेशीही काळपट दिसतात आणि न्यूट्रोफिलचे नेहमीचे दाणे उगाच गडद होतात. खाली गेला तर केंद्रकं फिकटतात आणि कोवळ्या केंद्रकाची नाजूक वीण वाचताच येत नाही. दाण्यावर निदान उभं राहणार असेल तर बफरची बाटली हाही निदानाचाच भाग आहे.

डोळ्याला न दिसणारा दाणा रसायनानं पकडण्याचं तंत्रही विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आलं. मायलॉइड पेशींच्या पहिल्या दाण्यांत पेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि योग्य रंगद्रव्य दिलं की जिथं विकर तिथं गडद ठिपका उमटतो. साध्या रंगात नितळ दिसणारा ब्लास्ट इथं ठिपकेदार निघाला तर नेगेलींचा मायलोब्लास्ट हाती लागला. शंभर ब्लास्टपैकी निदान तीनांत ठिपका दिसला की मायलॉइड म्हणायचं, हा संकेत पुढे रूढ झाला. मायलोपेरॉक्सिडेज, म्हणजे प्रश्नपत्रिकेतलं ‘एमपीओ’, ते हेच.

दाण्यांच्या या कथेतलं सगळ्यात नाट्यमय पान १९५७ साली नॉर्वेत लिहिलं गेलं. लाइफ हिलेस्टाड यांनी तीन रुग्णांचं वर्णन केलं. तिघांच्याही रक्तात आणि मज्जेत प्रोमायलोसाइट, म्हणजे ब्लास्टच्या पुढची, दाण्यांनी गच्च भरलेली पायरी, अफाट वाढली होती. तिघांनाही भयंकर रक्तस्राव झाला आणि तिघेही काही आठवड्यांत गेले. हा ॲक्यूट ल्युकेमियाचा एक वेगळाच, अत्यंत घातक प्रकार आहे, असं हिलेस्टाड यांनी मांडलं. १९७६ मध्ये फ्रेंच, अमेरिकन आणि ब्रिटिश तज्ज्ञांच्या एका गटानं ॲक्यूट ल्युकेमियांची जी वर्गवारी केली, तिच्यात या प्रकाराला ‘एम३’ हा क्रमांक मिळाला. ती वर्गवारी जवळपास पूर्णपणे स्मिअर आणि पेरॉक्सिडेजसारख्या रंगांवर उभी होती. पुढच्याच वर्षी शिकागोच्या जॅनेट राउली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या प्रकारात १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत बदललेले असतात.

परीक्षेतला नमुनेदार प्रश्न आता वाचून पाहावा. बत्तीस वर्षांची स्त्री, आठवड्याभरापासून हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. हिमोग्लोबिन ७.२, प्लेटलेट १४,०००, पांढऱ्या पेशी २,१००. रक्त गोठायला लागणारा वेळ वाढलेला, फायब्रिनोजेन घटलेलं. स्मिअरमध्ये जाड दाण्यांच्या मोठ्या पेशी, काहींत सरपणाच्या मोळीसारखा कांड्यांचा जुडगा. मार्कर: सीडी१३, सीडी३३, सीडी११७ आणि एमपीओ असलेले. सीडी३४ आणि एचएलए-डीआर नसलेले.

नवखा विद्यार्थी २,१०० या आकड्यापाशी अडखळतो. ल्युकेमिया असेल तर पांढऱ्या पेशी वाढायला नकोत का? फिर्खोचं पांढरं रक्त इथं दिशाभूल करतं. या प्रकारात बहुतेकदा पेशी मज्जेत कोंडलेल्या असतात आणि रक्तात मोजक्याच उतरतात. प्रयोगशाळेत अशा वेळी स्मिअरच्या मधल्या भागात फिरत राहण्यात अर्थ नसतो. मोठ्या पेशी स्मिअर ओढताना पट्टीच्या कडांकडे आणि शेपटाकडे सरकतात, म्हणून तिथं आधी पाहायचं. मग येते रक्त न गोठण्याची बाब. प्लेटलेट घटण्यानं रक्तस्राव कोणत्याही ॲक्यूट ल्युकेमियात होतो, पण फायब्रिनोजेन संपत आलं आहे याचा अर्थ शरीरभर रक्त गोठतंही आहे आणि गुठळ्या विरघळतही आहेत. या पेशी गोठण्याची साखळी सुरू करणारी द्रव्यं रक्तात सोडतात. हिलेस्टाड यांचे तीन रुग्ण त्यानंच गेले. कांड्यांचा जुडगा घराणं सांगतो, गोठण्याच्या चाचण्या उपप्रकार सुचवतात, आणि मार्कर त्यावर शिक्कामोर्तब करतात. उत्तर: ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया.

पण प्रश्न काढणारा तेवढ्यावर थांबत नाही. तो तीच स्त्री घेतो, पांढऱ्या पेशी ४०,००० करतो, दाणे काढून टाकतो आणि केंद्रक दुभंगलेलं, मध्ये चिमटल्यासारखं रंगवतो. आता ही पेशी हुबेहूब मोनोसाइटच्या घराण्यातली वाटते. हा कल्पनेचा खेळ नाही. याच आजाराचं बारीक दाण्यांचं रूप खरोखर असतं. तिथं दाणे इतके सूक्ष्म असतात की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसत नाहीत. दाण्यावरून घराणं ओळखण्याची एर्लिखची पद्धत इथं आपल्या मर्यादेला भिडते, आणि डोळ्याला दुसऱ्या साधनाची गरज पडते.

ते साधन आधी सशांकडून आलं. लंडनमध्ये मेल ग्रीव्ह्ज आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी सशांना टोचल्या, सशांनी बनवलेली प्रतिद्रव्यं गोळा केली आणि सामान्य पेशींना चिकटणारी त्यातून गाळून टाकली. उरलेलं प्रतिद्रव्य बहुतेक मुलांच्या ल्युकेमिक पेशींवरच्या एका खुणेला चिकटत होतं. हे १९७५ साली छापून आलं. आज तीच खूण सीडी१० म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये जॉर्ज क्योलर आणि सेझार मिलस्टीन यांनी एकाच प्रकारचं प्रतिद्रव्य हवं तितकं बनवण्याची युक्ती काढली, आणि सशाच्या रक्तरसातल्या सरमिसळीची कटकट संपली. मग जगभर इतकी प्रतिद्रव्यं निघाली की एकाच खुणेला दहा नावं पडली. १९८२ मध्ये पॅरिसला भरलेल्या कार्यशाळेत त्यांना सीडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. या प्रतिद्रव्यांना चमकणारा रंग जोडायचा, पेशी लेसरच्या झोतापुढून एकेक करून सोडायच्या आणि कोणती किती चमकली ते मोजायचं, ही फ्लो सायटोमेट्री. एर्लिखनं पेशीचा रासायनिक स्वभाव रंगानं वाचला होता. आता तो खुणेगणिक वाचता येऊ लागला.

दुभंगलेल्या केंद्रकाच्या त्या पेशीकडे परत जाता येतं. मोनोसाइटच्या घराण्यातल्या पेशींवर एचएलए-डीआर सहसा ठळक असतं आणि एमपीओ क्षीण. इथं उलट आहे: एचएलए-डीआर नाही आणि एमपीओ जोरदार. दाणे डोळ्याला दिसले नाहीत तरी त्यांतलं विकर जागेवर आहे. तरीही मार्करवर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. बारीक दाण्यांच्या रूपात सीडी३४ कधी कधी हजर असतं. उलटपक्षी, एनपीएम१ जनुकात बदल असलेल्या एका वेगळ्याच मायलॉइड ल्युकेमियात सीडी३४ आणि एचएलए-डीआर दोन्ही गैरहजर असू शकतात. म्हणून अखेरचा पुरावा राउलींनी दाखवलेली अदलाबदल, किंवा तिच्यातून जन्मलेलं पीएमएल-रारा हे जोडजनुक, हाच मानतात.

हाच पेच लिम्फॉइड बाजूनंही सुटला. चार वर्षांचं मूल, ताप, हाडं दुखताहेत, रक्तात नितळ, दाणेरहित ब्लास्ट, एमपीओ नाही. एकेकाळी इथं नकारावर निदान होई: मायलॉइडचा पुरावा नाही, म्हणून लिम्फॉइड. आता टीडीटी सांगतं की पेशी कोवळी आहे, सीडी१९ सांगतं की ती बी घराण्यातली आहे, आणि सोबत ग्रीव्ह्ज यांचं सीडी१० असतं. ॲक्यूट या शब्दाचा आजचा अर्थही इथं उघड होतो. ब्लास्टचं प्रमाण साधारणपणे २० टक्क्यांवर गेलं आणि पेशी कोवळ्या वयात अडकल्या की ॲक्यूट. १९७६ च्या वर्गवारीत ही रेघ ३० टक्क्यांवर होती, जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये ती २० वर आणली. ज्या प्रकारांत गुणसूत्रांचा ठराविक बदल सापडतो, तिथं आता या रेघेचीही वाट पाहत नाहीत.

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात पेशी कोवळी नसते. अडुसष्ट वर्षांचा गृहस्थ, काही तक्रार नाही, दुसऱ्याच कारणानं केलेल्या तपासणीत पांढऱ्या पेशी ६२,००० निघतात. स्मिअरमध्ये छोट्या, शहाण्यासारख्या दिसणाऱ्या लिम्फोसाइट आणि त्यांच्यामध्ये फुटून पसरलेल्या केंद्रकांचे डाग. हे डाग फर्डिनांड गुम्प्रेख्ट यांनी १८९६ मध्ये नोंदवले होते. पेशी रक्तात फुटलेल्या नसतात. त्या इतक्या नाजूक असतात की काचेवर ओढताना फुटतात. रक्ताच्या चार-पाच थेंबांत अल्ब्युमिनचा एक थेंब मिसळून स्मिअर ओढला तर डाग बरेच कमी होतात, आणि पेशींची गणनाही धड करता येते.

मार्कर आले तेव्हा या पेशींनी सगळ्यांना कोड्यात टाकलं. १९८० च्या सुमारास टी पेशींसाठी बनवलेली प्रतिद्रव्यं या बी पेशींना चिकटू लागली. खूण होती सीडी५. बी पेशीवर टी पेशीची खूण, ही आधी प्रयोगातली चूक वाटली असती, पण ती रुग्णामागून रुग्णांत दिसत राहिली आणि अखेरीस या आजाराची ओळखच बनली. सीडी१९ आहे, सीडी५ आहे, सीडी२३ आहे, आणि सीडी२० व पृष्ठभागावरचं इम्युनोग्लोब्युलिन फिकं: हे वर्णन वाचलं की क्रॉनिक लिम्फोसायटिक. रक्तात अशा बी पेशी दर मायक्रोलिटरला निदान ५,००० हव्यात आणि त्या तीन महिने टिकून असाव्यात, ही अटही सोबत असते.

एवढं पाठ असलेला विद्यार्थी ज्या एका ठिकाणी चुकतो, ते ठिकाण म्हणजे सीडी२३. सीडी५ दिसलं की तो पुढचं वाचायचं थांबतो. मँटल सेल लिम्फोमाच्या पेशीही रक्तात उतरतात, त्याही छोट्या, पिकलेल्या आणि सीडी५ बाळगणाऱ्या असतात. पण त्यांच्यावर सीडी२३ सहसा नसतं आणि इम्युनोग्लोब्युलिन ठळक असतं. १९९४ मध्ये एस्टेला मातुतेस आणि सहकाऱ्यांनी यासाठी पाच गुणांची पद्धत मांडली: सीडी५ असणं, सीडी२३ असणं, एफएमसी७ नसणं, इम्युनोग्लोब्युलिन फिकं असणं, सीडी२२ फिकं असणं. प्रत्येकाला एक गुण. चार किंवा पाच आले तर क्रॉनिक लिम्फोसायटिक, त्याहून बरेच कमी आले तर दुसरं काही शोधायचं. मँटल सेलची शंका आली की सायक्लिन डी१ पाहतात, किंवा ११ आणि १४ या गुणसूत्रांमधली अदलाबदल. हे वेगळं काढणं महत्त्वाचं, कारण क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात लक्षणं नसतील तर उपचार न करता रुग्णावर नुसती नजर ठेवता येते. मँटल सेल मात्र बहुधा तशी उसंत देत नाही.

प्रोमायलोसायटिक प्रकारात तर घाई तासांची असते. १९८८ मध्ये शांघायच्या वांग चेन-यी यांच्या गटानं चोवीस रुग्णांना जीवनसत्त्व ‘अ’ चं एक रूप, ऑल-ट्रान्स रेटिनोइक ॲसिड, दिल्याचं प्रसिद्ध केलं. ते सगळे रोगमुक्त अवस्थेत पोहोचले, एकाला मात्र त्यासाठी थोडी केमोथेरपीही लागली. औषध पेशी मारत नव्हतं, तर अडकलेल्या प्रोमायलोसाइटला पुढे पिकायला भाग पाडत होतं. पुढे आर्सेनिकची जोड मिळाली, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये केवळ आर्सेनिकवरही या आजाराचे रुग्ण बरे करून दाखवण्यात आले. म्हणूनच प्रश्नाच्या शेवटी ‘पुढची पायरी कोणती?’ असं विचारलं असेल, तर पीएमएल-राराचा अहवाल येईपर्यंत थांबणं हे चुकीचं उत्तर आहे. स्मिअरवरून संशय आला की रेटिनोइक ॲसिड त्याच दिवशी सुरू करतात आणि प्लेटलेट व फायब्रिनोजेन भरून काढतात. अहवालानं निदान फिरवलं तर औषध थांबवता येतं.